शाम्पू, साबण आणि भांड्यांच्या लिक्विडला वास कशासाठी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्यांतून, बचत गटांतून आणि घराघरांतून हे प्रश्न पुन्हापुन्हा येतात. त्यातले बरेचसे भांडी घासायच्या लिक्विडबद्दल असतात, म्हणून इथेही त्यालाच जास्त जागा दिली आहे. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे लागला तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वास नसलेलं लिक्विड किंवा साबण कमी स्वच्छ करतो का?

नाही. तेलकटपणा काढण्याचं काम सरफॅक्टंट करतात. त्यांच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे तेलाचा थर बारीक थेंबांत फुटतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. भांड्यांच्या लिक्विडमध्ये हे काम बहुतेक वेळा कॉस्टिक सोड्याने उदासीन केलेली ॲसिड स्लरी आणि एसएलईएस हे सरफॅक्टंट मिळून करतात, शाम्पूत एसएलईएस आणि बिटेन, आणि अंगाच्या साबणात तेलापासून बनलेला खराखुरा साबण. सुगंधाचा या कामात काही हातभार नसतो. उलट सुगंध हाच मुळात तेलासारखा पदार्थ. तो पाण्यात धरून ठेवायला थोडं सरफॅक्टंट खर्ची पडतं. प्रमाण इतकं कमी असतं की भांडी घासताना हा फरक कळणार नाही, पण हिशेब मांडायचाच तर सुगंध खर्चाच्या बाजूला जातो.

जंतू मारण्याचंही तसंच. या प्रमाणातला सुगंध, मग तो कडुनिंबाचा असो की टी ट्रीचा, ताटावरच्या किंवा अंगावरच्या जंतूंचं फारसं काही करत नाही. जंतू जातात ते घासण्याने आणि खळखळून धुण्याने.

२. मग सुगंध घालतातच का? न घालता विकलं तर?

पहिलं कारण अगदी साधं आहे: मूळ मालाला स्वतःचा वास असतो आणि तो बरा नसतो. ॲसिड स्लरीला रॉकेलच्या जवळ जाणारा तेलकट वास येतो. फेस टिकावा म्हणून जी अमाइडं घालतात, त्यांना किंचित मासळीसारखा वास असतो. साबणाच्या नूडल्सना, म्हणजे ज्यापासून वडी बनते त्या कच्च्या साबणाला, चरबीचा, जुन्या तेलाचा वास असतो आणि दुकानात पडून राहिला की साबण खवट होऊ लागतो. बाटली उघडल्यावर असा वास आला तर गिऱ्हाईक म्हणणार, ‘माल खराब आहे.’ माल खराब नसतो, त्याचा वासच तसा असतो. थोडक्यात, सुगंधाचं पहिलं काम झाकणाचं.

आपल्याकडच्या जुन्या वस्तूंनाही हीच अडचण होती. रिठ्याच्या पाण्याला आंबूस वास येतो. उटण्यात नागरमोथा, गवला कचरी, वाळा घालतात ते त्वचेसाठी असं सांगितलं जातं, पण नुसत्या आंबेहळदीचं आणि डाळीच्या पिठाचं उटणं कुणी हौसेने लावलं असतं का, हाही प्रश्नच आहे.

दुसरं कारण विक्रीचं. दोन कंपन्यांचं लिक्विड आतून जवळपास सारखं असू शकतं. दुकानात झाकण उघडून हुंगल्यावर कळणारा फरक एकच, तो म्हणजे वास. वापरणाऱ्याला यातून काय मिळतं, ते प्रश्न ६ मध्ये.

३. बाटलीत सुगंध असतो तरी किती? त्याचे किती पैसे आपण देतो?

साधारणपणे भांड्यांच्या लिक्विडमध्ये ०.१ ते ०.५ टक्के, शाम्पूत ०.३ ते १ टक्का आणि अंगाच्या साबणात १ टक्क्याच्या आसपास. महाग साबणांत याहून थोडं जास्त.

हिशेब करून पाहू. भांडी घासताना एका वेळी छोटा चमचाभर, म्हणजे ५ मिली लिक्विड घेतलं आणि सुगंध ०.२ टक्के असेल, तर त्यात सुगंध भरतो १० मिलिग्रॅम. शाम्पूच्या ६ मिलीच्या पाउचमध्ये ०.५ टक्क्याने ३० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅमच्या साबणात साधारण एक ग्रॅम, आणि तो तुम्ही तीन-चार आठवडे पुरवून वापरता.

आता पैसे. समजा, लिंबाच्या वासाचं कंपाउंड, म्हणजे तयार सुगंधी मिश्रण, किलोला १,००० रुपयांनी मिळालं. एक लिटर लिक्विडला ०.२ टक्क्याने २ ग्रॅम लागतं, म्हणजे २ रुपये. अर्ध्या लिटरच्या बाटलीत एक रुपयाचा सुगंध. चंदन किंवा फुलांचं भारी कंपाउंड याच्या पाचपट महाग धरलं तरी बाटलीत तो पाच रुपयांचा होतो. ‘नवीन सुगंध’ म्हणून बाटली वीस-तीस रुपयांनी महाग होते, तेव्हा ती वाढ सुगंधाच्या खर्चातून आलेली नसते.

४. लिंबाच्या लिक्विडमध्ये लिंबाचा रस असतो का? लिंबाची ताकद मिळते का?

लिंबाचा जो वास आपण ओळखतो, तो मुख्यतः सालीतल्या तेलातल्या लिमोनिन आणि सिट्राल या दोन पदार्थांचा. लिंबाची भांडी उजळण्याची ताकद मात्र असते रसातल्या सायट्रिक ॲसिडमध्ये. वास एकीकडे, ताकद दुसरीकडे. लिक्विडच्या बाटलीत वास येतो. काही लिक्विडांत थोडा रस किंवा अर्क घालतातही, पण भांड्यांचं लिक्विड हाताला त्रास देऊ नये म्हणून ते सातच्या आसपासच्या पीएचला आणून ठेवलेलं असतं. तिथे ॲसिड उदासीन होऊन जातं.

घरी पडताळून पाहायचं असेल तर काळवंडलेला तांब्याचा तांब्या घ्या. एका बाजूला लिंबाच्या वासाचं लिक्विड चोळा, दुसऱ्या बाजूला लिंबाची फोड मिठात बुडवून. दोन मिनिटांनी धुवा. फोडीची बाजू गुलाबीसर लख्ख निघेल, कारण ॲसिडने वरचा ऑक्साइडचा थर विरघळवला. लिक्विडची बाजू नुसती तेलकटपणा गेलेली, पण काळीच. म्हणूनच देवाची भांडी आजही चिंचेने घासतात, आणि ते बरोबरच आहे.

मग इतक्या लिक्विडांना लिंबाचाच वास का? एक तर तो स्वयंपाकघरात खटकत नाही. गुलाबाच्या वासाच्या ताटात आमटी कुणाला नको असते. दुसरं, तो उडून जाणारा वास आहे, भांड्यावर मागे रेंगाळत नाही. भांड्यांच्या बाबतीत हाच त्याचा गुण.

५. मासे किंवा अंडी केल्यावर लिंबाच्या लिक्विडने घासूनही भांड्याचा वास जात नाही. असं का?

कारण लिंबाचा वास दुसऱ्या वासाला मारत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसतो. भांडं वाळलं की लिमोनिन उडतं आणि खालचा वास परत वर येतो.

मासळीच्या वासात मोठा वाटा ट्रायमिथाइलअमाइनचा. तो अल्कलीधर्मी पदार्थ आहे. ॲसिड लागलं की त्याचं मीठ बनतं, आणि ते मीठ हवेत उडत नाही, म्हणून वास येत नाही. इथे लिंबाचा रस लागतो, चिंचेचा कोळ किंवा व्हिनेगरही चालतं. नुसता लिंबाचा सुगंध कामाचा नाही. क्रम असा ठेवा: आधी चिकटलेलं खरवडून गार पाण्याने विसळा. मग चमचाभर रस किंवा कोळ भांड्याला आतून चोळा आणि दोन-तीन मिनिटं राहू द्या. मग नेहमीसारखं लिक्विडने घासा आणि पालथं घालून पूर्ण वाळवा. बोंबील किंवा सुरमई तळलेल्या कढईत वास तेलाच्या चिकट थरातही दडलेला असतो. तिथे आधी लिक्विड आणि गरम पाणी, मग रस, आणि पुन्हा एकदा लिक्विड.

अंड्याचं गणित निराळं. त्याचा वास गंधकाच्या संयुगांचा आणि तो भांड्याला चिकटलेल्या प्रथिनांच्या पापुद्र्यात बसतो. गरम पाणी आधी घातलं तर तो पापुद्रा शिजून पक्का होतो. म्हणून आधी गार पाणी, कोरड्या बेसनाने किंवा मिठाने चोळणं, आणि गरम पाणी शेवटी.

कुकरची रिंग, मिक्सरच्या झाकणाची रिंग आणि प्लॅस्टिकचे डबे यांचं वेगळं आहे, ते प्रश्न १० मध्ये.

६. म्हणजे गिऱ्हाईकाला सुगंधाचा काहीच फायदा नाही?

आहे, आणि तो खोटाही नाही. फक्त तो नाकाला मिळतो, भांड्याला नाही.

ज्याला रोज अर्धा तास सिंकपाशी उभं राहायचं आहे, त्याच्यासाठी खरकटं, आंबलेलं ताक आणि तळणीचं तेल यांच्या वाफेतून येणारा बरा वास ही सोय आहे. हात गरम पाण्यात असतात, फेस नाकापासून हातभर अंतरावर असतो, म्हणून १० मिलिग्रॅम सुगंधही तिथे पुरतो. आंघोळीचं तसंच. दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाच्या साबणाचा वास आला की दिवस वेगळा वाटतो. तो आनंद विकत घ्यायला हरकत नाही, फक्त तो आनंद म्हणूनच घ्यावा.

एक व्यावहारिक फायदाही आहे. घासणीला अजून लिक्विड लागलेलं आहे की संपलं, हे वासावरून कळतं. पण भांडं नीट विसळलं गेलं की नाही, हे वासावरून ठरवू नका. लिंबाचा वास लवकर उडतो आणि सरफॅक्टंट मागे राहू शकतो. बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर अजून विसळायला हवं, बोट कचकच करत सरकलं तर झालं.

७. छान वासाच्या लिक्विडने भांडी जास्त स्वच्छ होतात असं खरंच वाटतं. हा भास आहे का?

बहुतेक वेळा हो, आणि या धंद्यातल्या लोकांना तो चांगला माहीत असतो. तोच शाम्पू दोन वेगळ्या वासांत दिला, तर लोक एकाला ‘जास्त मऊ’ म्हणतात. भांड्यांच्या लिक्विडमध्ये घट्टपणा, रंग आणि वास हे तिन्ही मिळून ‘दमदार’ असल्याची भावना देतात.

भास बाजूला ठेवून मोजायचं असेल तर फेस मरेपर्यंत किती ताटं धुऊन होतात ते मोजणाऱ्या प्रयोगशाळांतल्या चाचणीचं घरगुती रूप करता येतं. दोन सारखी पातेली घ्या, प्रत्येकात दोन लिटर कोमट पाणी. एकात वासाचं लिक्विड ४ मिली, दुसऱ्यात बिनवासाचं ४ मिली. औषधाच्या सिरिंजने मोजा, चमच्याने नको. रवीने दोन्ही सारखीच तीस वेळा घुसळून फेस आणा. वेगळ्या वाटीत मैदा आणि गोडंतेल समप्रमाणात कालवून ठेवा. आता दोन्हींत अर्धा-अर्धा चमचा कालवण टाका, दहा वेळा घुसळा, फेस पाहा. पुन्हा अर्धा चमचा. फेसाचा थर फाटून पाण्याचा पृष्ठभाग उघडा पडेपर्यंत हे करत राहा. ज्यात जास्त चमचे गेले, ते लिक्विड जास्त तेल झेलतं.

मोजणाऱ्याला कुठलं पातेलं कुठलं हे माहीत नसावं आणि शक्य तर त्याने नाक बंद ठेवावं, नाहीतर वास मोजणीतही घुसतो. एकाच कंपनीचे दोन वेगळ्या वासांचे प्रकार असे तपासले, तर चमचे साधारण सारखेच निघतात. फरक पडतो तो दोन वेगळ्या कंपन्यांत, आणि तो सरफॅक्टंटच्या प्रमाणामुळे.

८. शाम्पूचा वास बाटलीत इतका असतो, मग केसांत दुपारपर्यंतही का राहत नाही?

सुगंधात हलके आणि जड असे दोन्ही पदार्थ असतात. संत्रं, लिंबू, हिरवं सफरचंद यांसारखे हलके वास बाटली उघडताना आणि गरम पाण्याच्या वाफेत लगेच वर येतात. शाम्पू विकला जातो तो मुख्यतः याच क्षणावर. मग ते मोरीतून वाहून जातात. केसांवर उरतात ते कस्तुरीसारखे आणि लाकडासारखे जड, पाण्यात न विरघळणारे वास, पण तेही थोडेच. शाम्पूचं कामच तेलासारखं जे असेल ते धुवून काढणं आहे, आणि सुगंध तेलासारखाच.

कंडिशनर केसांवर थर ठेवून जातो, म्हणून त्याचा वास जास्त वेळ टिकतो. वास टिकवायचा असेल तर जास्त शाम्पू ओतून काही होणार नाही.

आणि एक गंमत: वास असतो, पण तुम्हाला येत नाही, असंही होतं. तोच वास सतत आला की काही मिनिटांत नाक तो टिपणं सोडून देतं. शेजारी बसलेल्याला विचारा.

९. चंदनाच्या, मोगऱ्याच्या साबणात खरं चंदन, खरा मोगरा असतो का?

खऱ्या चंदनतेलाचे साबण आहेत. म्हैसूरचा सरकारी साबण त्याच तेलावर उभा राहिला. पण चंदनतेल फार महाग असल्यामुळे स्वस्त साबणांतला चंदनाचा वास सहसा कारखान्यात बनवलेल्या पदार्थांचा असतो. मोगरा आणि गुलाबाचंही तसंच. गुलाबाच्या वासातला एक मोठा घटक फिनाइल इथाइल अल्कोहोल स्वस्तात बनवता येतो, आणि साबणातला गुलाब बऱ्याचदा त्यावरच उभा असतो.

साबण चांगला की नाही हे वासावरून ठरत नाही. वेष्टनावर टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध पदार्थांचं प्रमाण, पाहा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या श्रेणीच्या टॉयलेट साबणात तो किमान ७६ टक्के हवा, दुसऱ्या श्रेणीत ७० आणि तिसऱ्या श्रेणीत ६०. ‘बेदिंग बार’ लिहिलं असेल तर ती वेगळीच जात. वेष्टनाचा वास मस्त आणि टीएफएम छोट्या अक्षरांत, असं असेल तर ती छोटी अक्षरं वाचा.

१०. डब्यातल्या पाण्याला, माठाला किंवा टिफिनला साबणाचा वास येतो. काय करावं?

स्टील आणि काचेला सुगंध फारसा धरून ठेवता येत नाही. तिथे वास येत असेल तर लिक्विड जास्त पडतंय. घासणीवर थेट बाटली पिळण्याऐवजी एका वाटीत पाणी घेऊन त्यात चमचाभर लिक्विड कालवा आणि घासणी त्यात बुडवा. निम्म्या लिक्विडमध्ये भांडी होतात.

प्लॅस्टिक आणि रबर मात्र तेलासारखे पदार्थ आत शोषतात. ज्या कारणाने टिफिनला हळदीचा डाग बसतो, त्याच कारणाने त्यात मसाल्याचा आणि लिक्विडचा वासही बसतो. झाकणातली रिंग काढून वेगळी धुवा, झाकण न लावता उन्हात तास-दोन तास ठेवा, आणि डबा कधीही ओला बंद करू नका. थर्माकोलच्या किंवा तशाच पातळ प्लॅस्टिकच्या भांड्यात सुगंधी लिक्विड साठवू नका. लिमोनिन थर्माकोलचं पॉलिस्टायरिन विरघळवतं.

माठ, मातीची भांडी, लाकडी पोळपाट-लाटणं यांना सुगंधी लिक्विड लावूच नका. ती सच्छिद्र असतात. लिक्विड आत मुरतं आणि पाण्याला दोन-दोन आठवडे वास येत राहतो. माठ नुसत्या पाण्याने आणि काथ्याने घासावा. चूक झालीच असेल तर रोज भरून ओतत राहा आणि मधूनमधून उन्हात कोरडा होऊ द्या.

११. आमचा बचत गट लिक्विड बनवतो. सुगंध घातला की ते पातळ होतं किंवा गढूळ होतं. का?

एसएलईएस आणि मिठाने घट्ट केलेल्या लिक्विडमध्ये सरफॅक्टंटच्या लांबलचक दोऱ्यांसारख्या रचना असतात. घट्टपणा त्यांच्यामुळे. सुगंधाचे पदार्थ या दोऱ्यांत शिरतात. लिमोनिनसारखे पदार्थ त्या तोडतात आणि लिक्विड पाण्यासारखं होतं. काही सुगंध उलट घट्ट करतात. म्हणून रविवार पेठेत, बोहरी आळीत कंपाउंड बदलून घेतलं की जुनं मिठाचं प्रमाण चालत नाही, दुकानदार ‘सेम टू सेम’ म्हणाला तरीही.

गढूळपणा येतो तो सुगंध पुरता विरघळला नाही म्हणून. एक-दोन दिवसांनी बाटलीच्या मानेशी तेलाचं कडं दिसतं, तेच ते.

नमुना करून पाहिल्याशिवाय सगळ्या घाण्यात सुगंध ओतू नका. समजा १० किलोचा घाणा आहे. मीठ घालण्याआधी त्यातले अर्ध्या-अर्ध्या किलोचे चार नमुने काढा. त्यांत सुगंध अनुक्रमे ०.५, १, १.५ आणि २.५ ग्रॅम घाला, म्हणजे ०.१, ०.२, ०.३ आणि ०.५ टक्के. वजन सोनाराच्या खिशातल्या काट्यावर घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम धड दिसत नाही. सुगंध आधी चमचाभर एसएलईएसमध्ये कालवा आणि मग नमुन्यात सोडा, थेट पाण्यात नको. नमुने चोवीस तास ठेवून खिडकीसमोर धरून पाहा. समजा ०.३ टक्क्यापर्यंत स्वच्छ आणि ०.५ ला दुधट दिसलं. मग ०.२ वर थांबा, कारण डिसेंबरच्या पहाटे पारा दहाच्या आसपास गेला की ०.३ चं लिक्विडही गढूळ होण्याची शक्यता असते. जास्तच सुगंध हवा असेल तर सुगंधाच्या तीन ते पाच पट पॉलिसॉर्बेट-२० मध्ये तो आधी मिसळावा लागतो. खर्च वाढतो आणि फायदा फक्त वासाचा.

आता मीठ. निवडलेल्या सुगंधाच्या नमुन्यांत मीठ थोडं थोडं वाढवत न्या, शेकडा ०.५, १, १.५, २ आणि २.५. लिक्विड एका टप्प्यापर्यंत घट्ट होतं आणि त्यापुढे पुन्हा पातळ होतं. एकाच नरसाळ्यातून १०० मिली निथळायला किती सेकंद लागतात ते मोजलं की शिखर कुठे आहे ते कळतं. शिखराच्या अलीकडे राहा. पलीकडे गेलात आणि ‘अजून पातळ आहे’ म्हणून आणखी मीठ ओतलंत, तर सगळा घाणा हातचा जातो.

कॉस्टिकने स्लरी उदासीन करताना घाणा तापतो. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि सुगंध सगळ्यात शेवटी घाला, नाहीतर महागाचा हलका वास वाफेबरोबर शेजाऱ्यांना फुकट मिळतो. पीएच तपासल्याशिवाय तर सुगंध घालूच नका. कॉस्टिक जास्त राहिलं असेल तर सिट्राल बिघडतं आणि लिंबाचा वास महिन्याभरात उग्र, मेणचट होतो. व्हॅनिलीन असलेला सुगंध पांढऱ्या साबणाला तपकिरी करतो, तो त्याच्या रंगाचा गुण, दोष तुमच्या हाताचा नाही.

१२. ‘अनसेंटेड’ आणि ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ एकच ना?

नाही, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. फ्रॅग्रन्स-फ्री म्हणजे सुगंध घातलेलाच नाही, मालाला स्वतःचा वास असेल तो असेल. अनसेंटेड म्हणजे वास येत नाही. तो येऊ नये म्हणून झाकणारा सुगंध घातलेला असू शकतो (प्रश्न २). घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’, ‘पर्फम’ किंवा ‘फ्रॅग्रन्स’ हा शब्द असेल तर सुगंध आहे, मग पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो. या एका शब्दामागे अनेक पदार्थ असू शकतात. युरोपात त्यातले ठरावीक ॲलर्जीकारक पदार्थ, धुवून टाकायच्या वस्तूंत ०.०१ टक्क्याच्या वर गेले तर नावानिशी लिहावे लागतात. म्हणून तिकडच्या बाटलीवर लिनालूल, लिमोनिन अशी यादी दिसते. ही यादी म्हणजे तिकडचा माल जास्त घातक, असं नाही.

१३. भांड्यांच्या मावशींचे हात खाजतात, सोलतात. दोष सुगंधाचा असतो का?

कधी असतो, पण पहिला संशय सुगंधावर घेऊ नका. पाच घरची भांडी घासणाऱ्या हातांना सगळ्यात जास्त त्रास सततच्या पाण्याचा, सरफॅक्टंटचा आणि तारेच्या घासणीचा होतो. त्वचेवरचं तेल जातं, भेगा पडतात. ही साधी जळजळ, आणि ती कुणालाही होऊ शकते. बोटांच्या बेचक्यात आणि अंगठीखाली सुरुवात झाली असेल तर बहुधा तेच. लिक्विड पाण्यात कालवून देणं (प्रश्न १०), हातमोजे, आणि काम झाल्यावर खोबरेल किंवा बिनवासाचं व्हॅसलीन यांनी दोन-तीन आठवड्यांत फरक पडतो.

ॲलर्जी वेगळी. तिथे अगदी कमी मात्राही पुरते, खाज जिथे लिक्विड लागलंच नाही तिथेही पसरते, आणि तोच सुगंध असलेल्या क्रीमने किंवा पावडरीनेही उठते. हे नक्की करायला त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात, त्यात सुगंधांचे ठरलेले मिश्र नमुने असतात. ॲलर्जी निघाली तर फ्रॅग्रन्स-फ्रीच घ्यावं लागतं, आणि ते त्यांच्या पाचही घरांत. एकाच घरात बदलून काही होत नाही.

१४. मग नैसर्गिक तेलाचा सुगंध सुरक्षित का?

नैसर्गिक असणं ही हमी नाही. लिमोनिन संत्र्याच्या सालीतलं असो की कारखान्यातलं, हवेत उघडं राहिलं की ऑक्सिजनशी जोडलं जातं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ त्वचेला जास्त त्रास देतात. लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचंही तेच. घरी साबणात तेल घालत असाल तर ताजी, छोटी, गडद काचेची, गच्च झाकणाची बाटली घ्या. वर्षभर अर्धी पडून राहिलेली वापरू नका.

१५. लिक्विड संपत आलं की बाटलीत पाणी घालून पुरवतो. नंतर त्याला विचित्र वास येतो. सुगंध खराब होतो का?

सुगंध नाही, लिक्विडच खराब होतं. बाटलीतलं जंतुरोधक ठरावीक पाण्याच्या हिशेबाने घातलेलं असतं. तुम्ही लिक्विडइतकंच पाणी घातलंत की ते निम्मं होतं, आणि नळाच्या पाण्याबरोबर जंतू आत जातात. मे महिन्यात ओट्याजवळच्या उबेत ते चार-पाच दिवसांतही वाढू शकतात. सुरुवातीला लिंबाचा वास हे झाकून टाकतो. सुगंधाचा इथे तोटाच आहे.

म्हणून नाकावर विसंबू नका. लिक्विड आधीपेक्षा दोऱ्यासारखं ओघळत असेल, तळाशी ढग दिसत असेल, रंग उतरला असेल, किंवा झाकण उघडताच आंबट वा सडक्या अंड्यासारखा वास आला आणि त्याच्या मागे लिंबू, तर ओतून द्या. बाटलीही उकळत्या पाण्याने धुण्याच्या फंदात न पडता भंगारात टाका, पातळ प्लॅस्टिक त्यात वाकडं होतं. पाणी घालून वापरायचंच असेल तर एक-दोन दिवसांपुरतं वाटीत कालवा आणि उरलेलं सिंकमध्ये सोडून द्या.